खो-खोची वही आणि नोकरीचा अर्ज

वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर खो-खोच्या सामन्याची बातमी आली की त्यात खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन गोष्टी असतात: तिने किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी बाद केले. खो-खो जाणणाऱ्याला तेवढ्यात सगळं कळतं. 9 मिनिटांच्या डावात एकटीने 2 मिनिटं 20 सेकंद पळून काढली म्हणजे डावाचा पाव भागाहून जास्त वेळ तिने प्रतिस्पर्ध्यांना बोट लावू दिलं नाही. पण हीच ओळ एखाद्या कंपनीत मनुष्यबळ विभागात बसलेल्या माणसापुढे ठेवली, तर त्याला त्यातलं काहीच उमगत नाही.

सरकारी नोकरीत ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटते. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. तिथे स्पर्धेचा दर्जा आणि मिळालेलं स्थान नियमात बसतं का ते पाहतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी करतात. कागद स्वतः बोलतो. खासगी कंपनीत मात्र कागदाच्या वतीने खेळाडूला बोलावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी शिकवलेलं नसतं.

एक उदाहरण समोर धरू. वय 33. आधी खेळाडू, मग 6 वर्षं तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या संघाची प्रशिक्षिका. आता तिला शहराजवळच्या एका गोदामात पाळी पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. हाताखाली वीसेक माणसं असतील. तिने लिंक्डइनवर स्वतःबद्दल लिहिलं आहे: ‘शिस्तप्रिय, मेहनती, उत्तम नेतृत्वगुण असलेली राज्यस्तरीय खेळाडू व यशस्वी प्रशिक्षिका.’

यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी अशा मजकुराला एक साधी कसोटी लावतो. हेच वाक्य तबल्याच्या शिक्षिकेच्या किंवा पतपेढीतल्या कारकुनाच्या नावाखाली टाकलं तर चालेल का? चालत असेल, तर त्यात खो-खो नाही आणि ती स्वतःही नाही.

मग शिस्त दाखवायची कशी? तिच्या कपाटात हजेरीच्या वह्या आहेत. 24 मुली, आठवड्याचे 6 दिवस, रोज दोन तास. कोण आली, कोण नाही, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या घरून येऊ देत नाहीत, सगळं तारीखवार लिहिलेलं. ‘शिस्तप्रिय’ हा शब्द काढून तिथे असं लिहावं: ‘24 जणींच्या गटाचं सहा वर्षं दैनंदिन वेळापत्रक, हजेरी आणि दुखापतींची नोंद सांभाळली, सलग तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी स्वतः जाऊन बोलले.’ गोदामाच्या व्यवस्थापकाला यातून लगेच कळतं, कारण रोज सकाळी कोण कामावर आलं नाही हीच त्याची पहिली डोकेदुखी असते.

नेतृत्वाचं भाषांतर त्याहून अवघड आहे. कॅप्टन होते, कोच होते, हे पद झालं. पदावर बसून घेतलेला एखादा निर्णय सापडावा लागतो. तिच्या वहीत तो आहे. खो-खोमध्ये पळणाऱ्या मुली तिघींच्या तुकडीने मैदानात उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढची तुकडी येते. आधीची रीत अशी होती की सर्वात चपळ तिघी पहिल्या तुकडीत. त्या गेल्या की पुढच्या दोन तुकड्या भराभर कापल्या जायच्या. तिने हंगामभर प्रत्येकीची पळण्याची वेळ सेकंदांत लिहिली आणि पुढच्या हंगामात प्रत्येक तुकडीत एक भरवशाची मुलगी ठेवली. आधीच्या 12 सामन्यांत संघ डावाला सरासरी 13 गडी गमावत होता. नंतरच्या 12 सामन्यांत सरासरी 9 वर आली.

कंपनीच्या भाषेत ही गोष्ट दोन वाक्यांत बसते: ‘प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीची वर्षभर मोजणी करून तुकड्यांची रचना बदलली, अनुभवी खेळाडू एका गटात न ठेवता सर्व गटांत विभागले. त्यानंतरच्या 12 सामन्यांत बाद होण्याचं प्रमाण सरासरी 13 वरून 9 वर आलं.’ इथे ‘त्यानंतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘त्यामुळे’ लिहायचा मोह होतो, पण दुसऱ्या हंगामात मुली एका वर्षाने मोठ्या झाल्या होत्या आणि प्रतिस्पर्धी संघही वेगळे होते. मुलाखतीत कुणी हे विचारलं तर ‘त्यामुळे’ टिकत नाही, ‘त्यानंतर’ टिकतो.

याच ठिकाणी प्रशिक्षकांची आणखी एक सवय आड येते. मैदानावर ‘मी’ म्हणणं वाईट दिसतं, म्हणून ती सगळीकडे ‘आम्ही’ लिहिते. ‘आम्ही रचना बदलली.’ वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, यात तू कुठे आहेस? निर्णय तिचा होता, तिथे ‘मी’ लिहावं. सामने मुलींनी जिंकले, तिथे ‘संघाने’ लिहावं. एवढी वाटणी केली की श्रेय जिथल्या तिथे राहतं आणि फुशारकीही होत नाही.

स्पर्धेच्या निकालाला संदर्भ लागतो. ‘राज्यस्तरीय’ हा शब्द शालेय स्पर्धेलाही लागतो, राज्य अजिंक्यपदालाही आणि एखाद्या मंडळाच्या निमंत्रितांच्या स्पर्धेलाही. म्हणून स्पर्धा कोणती, कोणत्या वर्षी, किती संघ होते आणि आपण कुठवर गेलो, हे चारही सांगावं. ‘जिल्हा स्पर्धा, 16 संघ, उपांत्य फेरी, आधीच्या दोन वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर’ या ओळीतली चढण कुणालाही दिसते. आणि खेळाचे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे नेऊ नयेत. ‘डिफेन्स कोच’ असं लिहिलं, तर वाचणारा लष्कराचा विचार करू शकतो.

बहुतेक प्रशिक्षक ज्याला कामच समजत नाहीत, ते काम मला सर्वात मोलाचं वाटतं: दौरा. 15 अल्पवयीन मुली, चार दिवस परगावी. पालकांची लेखी संमती, एसटीचं आरक्षण, मुक्कामाची सोय, जेवण, रात्री कुणाला ताप आला तर दवाखाना, आणि परत आल्यावर उचललेल्या पैशांचा पावतीनिशी हिशोब. तिने असे 11 दौरे केले आणि अर्जात त्यांचा उल्लेखच नाही. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी पदकापेक्षा ही ओळ वर हवी.

जे केलं नाही ते मात्र ओढूनताणून आणू नये. तिने कुणाचा पगार ठरवलेला नाही, कामगार कायदा वाचलेला नाही, संगणकावरचा मालसाठा हाताळलेला नाही. मुली स्वखुशीने मैदानावर यायच्या. गोदामातली माणसं पगारासाठी येतील, आणि तिथे ओरडून सराव करून घेता येणार नाही. हा फरक तिने स्वतःच मुलाखतीत बोलून दाखवला तर बरं.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला 220 अक्षरांची मर्यादा आहे, आणि स्वतःबद्दलच्या मजकुरातल्या सुरुवातीच्या काही ओळीच आधी दिसतात. बाकीचं उघडून वाचावं लागतं. तेव्हा पुरस्कारांची यादी खाली जाऊ दे. वर असावं: ‘24 जणींच्या गटाची सहा वर्षं प्रशिक्षिका, वेळापत्रक, दौरे, हिशोब आणि कामगिरीची मोजणी. पाळी व्यवस्थापनात काम शोधत आहे.’ आणि मुलाखतीला जाताना त्या वह्यांपैकी एक पिशवीत असू द्यावी.