इपॉक्साइड वलयाचा भंग : अम्लीय आणि क्षारीय परिस्थितीतील स्थाननिवड

आयसोब्यूटिलीन ऑक्साइड हा सुमारे ५० अंश सेल्सिअसला उकळणारा, रंगहीन द्रव आहे. तो दोन चंबूंत घेतला, दोन्हींत भरपूर मिथॅनॉल घातले आणि एका चंबूत सल्फ्यूरिक अम्लाचे काही थेंब, तर दुसऱ्यात सोडियम मिथॉक्साइड टाकले, तर दोन्हीकडे १०४ रेणुभाराचेच पदार्थ मिळतात. दोहोंचे रेणुसूत्रही एकच. तरीही ते पदार्थ भिन्न असतात. अम्लाच्या चंबूत (CH₃)₂C(OCH₃)CH₂OH हे प्राथमिक अल्कोहोल मिळते, तर मिथॉक्साइडच्या चंबूत (CH₃)₂C(OH)CH₂OCH₃ हे तृतीयक अल्कोहोल. पहिल्यात मिथॉक्सी गट गर्दीच्या कार्बनवर जाऊन बसलेला आहे, दुसऱ्यात मोकळ्या कार्बनवर. आरंभीचा पदार्थ तोच, मिथॅनॉलही तेच. मग ही निवड कोण करते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

इपॉक्साइड म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे तीन अणूंचे वलय. त्यांपैकी सर्वांत साधे इथिलीन ऑक्साइड व्यूर्त्स यांनी १८५९ मध्ये तयार केले. वलयातील कोन ६० अंशांच्या आसपास असतात. कार्बनला आपल्या चार बंधांमध्ये सुमारे १०९ अंशांचा कोन मानवतो, त्यामुळे हे वलय सदैव ताणलेले राहते. इथिलीन ऑक्साइडमध्ये हा ताण मोलमागे सुमारे २७ किलोकॅलरी इतका आहे. या ताणाचे महत्त्व साध्या ईथरशी तुलना केली की ध्यानात येते. डायइथिल ईथर सोडियम मिथॉक्साइडबरोबर कितीही तापवले तरी तुटत नाही, कारण त्यातून बाहेर पडावयाचा अल्कॉक्साइड आयन हा मोठा नाखुशीने सुटणारा गट आहे. इपॉक्साइडमध्येही सुटणारा गट अल्कॉक्साइडच आहे. परंतु वलय उघडताच ताणाची ऊर्जा मोकळी होते आणि त्या नाखुशीची भरपाई होते.

क्षारीय परिस्थितीत वलयावर चाल करून येतो तो मिथॉक्साइड आयन. त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची जोडी आहे, ऋणभार आहे, आणि तो बलवान केंद्रकस्नेही आहे. वलयातील ऑक्सिजन मात्र जसा होता तसाच, उदासीन. अशा वेळी बंध आपणहून तुटावयाचे काही कारण नसते. तो मिथॉक्साइडने धक्का देऊनच तोडावा लागतो. मिथॉक्साइड कार्बनवर ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूने येतो, आणि एकीकडे नवा बंध जुळत असताना दुसरीकडे जुना सुटत जातो. या क्रियेत कार्बनभोवती पाच गटांची क्षणिक दाटी होते. आयसोब्यूटिलीन ऑक्साइडच्या एका कार्बनवर दोन मिथिल गट आहेत आणि दुसऱ्यावर केवळ दोन हायड्रोजन. दाटीची किंमत पहिल्या ठिकाणी फार पडते, म्हणून हल्ला दुसऱ्या ठिकाणी होतो. येथे निर्णायक ठरतो तो अवकाशीय अडथळा.

अम्लीय परिस्थितीत प्रथम प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो. आता सुटणारा गट अल्कॉक्साइड राहिला नाही. तो उदासीन अल्कोहोलच्या रूपाने सुटणार आहे, आणि ते त्याला सोपे आहे. ऑक्सिजनवर आलेला धनभार दोन्ही कार्बन-ऑक्सिजन बंधांतील इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो. त्यामुळे बंध सैल होतात, पण सारखे सैल होत नाहीत. तृतीयक कार्बनवरील दोन मिथिल गट त्या कार्बनवर येणारा धनभार काही अंशी सावरून धरतात. दुसऱ्या कार्बनला असा आधार नाही. परिणामी तृतीयक बाजूचा बंध अधिक लांबतो, अधिक क्षीण होतो, आणि त्या कार्बनवर बराच धनभार साठतो. हल्ला करणारे मिथॅनॉल हे दुबळे केंद्रकस्नेही आहे. त्याच्यात बंध तोडण्याची धमक नाही. जो बंध आधीच निम्माअधिक सुटला आहे तेथेच ते जाते. बंध लांबलेला असल्याने दाटीही फारशी जाणवत नाही. म्हणून गर्दीच्या कार्बनवर मिथॉक्सी गट बसतो. थोडक्यात, क्षारीय विक्रियेत नवा बंध जुळणे पुढे असते, तर अम्लीय विक्रियेत जुना बंध तुटणे पुढे असते.

मिथॅनॉलऐवजी पाणी घेतले, तर एक वेगळीच अडचण उभी राहते. पाण्याचा रेणू कोणत्याही कार्बनवर आला तरी मिळणारे ग्लायकोल तेच! दोन हायड्रॉक्सिल गटांपैकी कोणता पाण्यातून आला आणि कोणता वलयात पूर्वीपासून होता, हे पदार्थाकडे पाहून सांगता येत नाही. या प्रश्नाचा निकाल लाँग आणि प्रिचर्ड यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाने समृद्ध केलेले पाणी वापरून लावला. अम्लात जड ऑक्सिजन मुख्यतः अधिक प्रतिस्थापित कार्बनवर सापडला, क्षारात कमी प्रतिस्थापित कार्बनवर. जड ऑक्सिजन नेमका कोठे आहे हे वस्तुमान वर्णपटावरून कसे कळते, तेही पाहण्यासारखे आहे. आयसोब्यूटिलीन ग्लायकोलचा रेणुभार ९०. वर्णपटमापकात त्याचा आयन दोन कार्बनांमधील बंधाशी सहज दुभंगतो आणि तृतीयक कार्बनचा, ५९ वस्तुमानाचा तुकडा मिळतो. जड ऑक्सिजन तृतीयक कार्बनवर असेल तर हा तुकडा ६१ वर सरकतो. प्राथमिक कार्बनवर असेल तर ५९ वरच राहतो. एक दक्षता मात्र घ्यावी लागते. तृतीयक अल्कोहोले तीव्र अम्लात आपला ऑक्सिजन पाण्याशी बदलून घेऊ शकतात. तेव्हा तयार ग्लायकोल त्याच अम्लात तितकाच वेळ ठेवून अदलाबदल होत नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासल्यावाचून निष्कर्षाला अर्थ नाही.

अम्लीय विक्रियेत तृतीयक कार्बनवर धनभार साठतो असे म्हटले की, तेथे मोकळा कार्बन धनायन तयार होतो अशी समजूत विद्यार्थ्यांत सर्रास आढळते. ती बहुतेक साध्या इपॉक्साइडांच्या बाबतीत बरोबर नाही. मोकळा धनायन सपाट असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी हल्ला होऊ शकतो. परंतु १-मिथिलसायक्लोहेक्झीनच्या ऑक्साइडवर अम्लीय मिथॅनॉलची विक्रिया केली असता मिथॉक्सी गट मिथिलधारी कार्बनवर, आणि प्रामुख्याने हायड्रॉक्सिल गटाच्या विरुद्ध बाजूलाच बसलेला आढळतो. वाऱ्याने छत्री उलटावी तशी त्या कार्बनची रचना उलटते. याचा अर्थ मिथॅनॉल येईपर्यंत ऑक्सिजनने ती बाजू अडवून धरलेली असते. बंध क्षीण झालेला असतो, तुटलेला नसतो. पार्कर आणि आयझॅक्स यांनी १९५९ च्या आपल्या समीक्षालेखात अम्लीय वलयभंगाला दोन टोकांच्या सीमारेषेवरची विक्रिया मानले, ते याच कारणाने. फिनिल गटासारखा धनभाराला भक्कम आधार देणारा गट असेल तेव्हा हे चित्र मोकळ्या धनायनाकडे झुकते. स्टायरीन ऑक्साइडमध्ये तर क्षारीय परिस्थितीतही पूर्ण निवड होत नाही आणि मिश्रण हाती येते.

प्रयोगशाळेत आरंभीचे उदाहरण करून पाहावयाचे असेल तर ७.२ ग्रॅम, म्हणजे मोलचा दहावा भाग, इपॉक्साइड घ्यावे आणि मिथॅनॉल सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे दहापट मोल. अम्लीय विक्रिया उष्णता बाहेर टाकते. म्हणून अम्लयुक्त थंड मिथॅनॉलमध्ये इपॉक्साइड थेंबथेंब सोडावे, उलट क्रमाने नव्हे. हायड्रोक्लोरिक अम्ल येथे वापरू नये, कारण क्लोराइड आयन स्वतःच वलय उघडतो आणि क्लोरोहायड्रिनची भेसळ होते. मिथॅनॉल कमी आणि अम्ल तीव्र असेल, तर हायड्रोजन एका कार्बनवरून शेजारच्या कार्बनवर सरकून आयसोब्यूटिराल्डिहाइड बनू लागते. क्षारीय विक्रिया संथ असते, तिला काही तास उष्णता द्यावी लागते. आणि तेथे मिथॅनॉल अपुरे पडल्यास नुकताच तयार झालेला अल्कॉक्साइड दुसऱ्या इपॉक्साइड रेणूवर हल्ला करून लांब साखळ्या बनवतो.

मिळालेला पदार्थ कोणता, हे ओळखण्याची जुनी कसोटी क्रोमिक अम्लाची. प्राथमिक अल्कोहोलने नारिंगी रंग हिरवट होतो, तृतीयक अल्कोहोलने तो तसाच राहतो. पण नमुन्यात मिथॅनॉल उरले असेल तर तेही ऑक्सिडीभूत होते आणि दोन्ही नमुने हिरवे दिसतात. म्हणून ऊर्ध्वपातनाने ते आधी पूर्ण काढून टाकावे. कार्बन-१३ चा चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट अधिक खात्रीचा. मिथॉक्सी गट तृतीयक कार्बनला जोडलेला असेल तर त्याची खूण ४९ च्या आसपास येते, प्राथमिक कार्बनला जोडलेला असेल तर ५९ च्या आसपास.

या निवडीवर काय अवलंबून असते, याचे उत्तर प्रॉपिलीन ऑक्साइडच्या उद्योगात सापडते. त्यापासून मिळणारे १-मिथॉक्सी-२-प्रोपॅनॉल हे रंग आणि छपाईच्या शाईत वापरले जाणारे विद्रावक होय. शरीरात मिथॉक्सिॲसेटिक अम्लात रूपांतरित होऊन प्रजननास घातक ठरणाऱ्या २-मिथॉक्सिइथॅनॉलच्या जागी ते अनेक ठिकाणी आणले गेले. त्याचा हायड्रॉक्सिल गट द्वितीयक कार्बनवर असल्याने तसे अम्ल त्यापासून बनत नाही. शरीर बव्हंशी त्याचे प्रॉपिलीन ग्लायकोल करते. परंतु त्याचे भावंड, २-मिथॉक्सी-१-प्रोपॅनॉल, हे प्राथमिक अल्कोहोल आहे. शरीरात ते २-मिथॉक्सिप्रोपिऑनिक अम्लात बदलते आणि गर्भाच्या वाढीस बाधक ठरते. युरोपीय वर्गीकरणात ते प्रजननघातक मानले गेले असून, मिश्रणात त्याचे वजनी प्रमाण ०.३ टक्के वा अधिक झाल्यास सबंध मिश्रणालाच ती खूण लागते.

प्रॉपिलीन ऑक्साइडच्या गर्दीच्या कार्बनवर एकच मिथिल गट असतो. त्यामुळे अम्लात धनभाराला अर्धवटच आधार मिळतो आणि दोन्ही पदार्थांचे मिश्रण बनते. त्यात घातक भावंडाचा वाटा मोठा असतो. क्षारीय उत्प्रेरकाने मात्र हल्ला बहुतांशी मोकळ्या कार्बनवर होतो आणि घातक पदार्थ अल्प प्रमाणातच उरतो. दोघांच्या उत्कलनबिंदूंत सुमारे १० अंशांचे अंतर असून, उरलेला अंश उंच स्तंभातील ऊर्ध्वपातनाने ०.३ टक्क्यांच्या खाली आणता येतो. अम्लीय मिश्रणातून तेवढी शुद्धता मिळवायची तर मालाचा मोठा भाग बाजूला काढावा लागेल, आणि तो बाजूला काढलेला भाग कोणाला विकायचा हा प्रश्न उरेलच.