उणीव सांगावी, पण कशी?

‘व्हॉट आर युअर स्ट्रेंग्थ्स अँड वीकनेसेस?’ या प्रश्नातला दुसरा भाग उमेदवारांना जड जातो. ‘आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट’ हे पाठ केलेले उत्तर मुलाखत घेणाऱ्यांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की पुढचा प्रश्न लगेच येतो : असे शेवटचे कधी झाले? प्रसंग घडलेलाच नसेल, तर बोलणे तिथेच अडते. म्हणून उणीव खरी हवी. मात्र ती कामाच्या मुळावर येणारी नसावी. हिशेबनीस होऊ पाहणाऱ्याने आकड्यांत चुका होतात असे सांगितले, तर ते खरे असले तरी नोकरी हातची जाते. आणि ते खरोखरच खरे असेल, तर आधी अर्ज कुठे करावा याचाच विचार करायला हवा.

अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेला एक बीकॉम पदवीधर धरू. कर सल्लागाराकडे काम करताना तो दर महिन्याला खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी जुळवत असे. बलस्थान सांगताना ‘आय अ‍ॅम हॅविंग गुड नॉलेज’ म्हणण्यापेक्षा त्याने काम सांगावे : ‘आयम गुड अ‍ॅट मॅचिंग बिल्स. आय डिड इट एव्हरी मंथ फॉर अ इयर.’ ‘हॅविंग’ इथे चुकीचे आहे, आणि ‘स्ट्रेंग्थ’ उच्चारताना जीभ अडखळत असेल, तर ‘गुड अ‍ॅट’ने तो शब्दही टळतो.

अडले तरी वेळेवर विचारायचे नाही, ही त्याची उणीव. ती तो अशी सांगू शकतो : ‘आय टेंड टू वेट टू लाँग बिफोर आय आस्क फॉर हेल्प. वन्स आय स्पेंट हाफ अ डे ऑन अ बिल दॅट डिडन्ट मॅच. माय सीनियर सॉ इन टेन मिनिट्स दॅट द जीएसटी नंबर वॉज राँग. नाऊ, इफ आयम स्टक फॉर हाफ अ‍ॅन अवर, आय आस्क. आय स्टिल स्लिप समटाइम्स.’

यात सवय वर्तमानकाळात, प्रसंग भूतकाळात आणि उपाय पुन्हा वर्तमानकाळात आहे. ‘आय यूज्ड टू वेट’ म्हटले की उणीव संपली असा दावा होतो, आणि तो सहसा खरा नसतो. शेवटचे छोटे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे. उत्तर प्रामाणिक वाटते ते त्यामुळे.

सगळे उत्तर पाठ केले की एक शब्द निसटताच पुढचे सारे कोलमडते. त्याऐवजी बिल, अर्धा दिवस, सीनियर, अर्धा तास एवढे चार टप्पे लक्षात ठेवून दर वेळी नव्या वाक्यांत मोठ्याने बोलावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, की वाक्य कुठे तुटते ते लगेच कळते. तिथे वाक्य लहान करायचे. मिनिटभरात उत्तर संपवून थांबावे. शांततेला घाबरून आणखी उणिवा सांगत बसू नये.