दोनशे अंशांत दूध करपत का नाही?

अन्नप्रक्रियेच्या लेखी परीक्षेत फवारा, ड्रम आणि गोठवून वाळवणे या पद्धतींची तुलना हमखास विचारतात. विद्यार्थी तीन रकाने आखतात, यंत्रांची तापमाने भरतात आणि 'तापमान जास्त, म्हणून नुकसान जास्त' असा निष्कर्ष काढतात. फवारा पद्धतीत हवा १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेली असते. या हिशेबाने तिच्यातून काळी भुकटीच निघायला हवी!

इथे यंत्राचे नव्हे, दुधाच्या थेंबाचे तापमान पाहायचे. थेंबातले पाणी उडत असते तोवर ते उष्णता ओढून घेते आणि थेंब ४५-५० अंशांच्या आसपास राहतो. माठातले पाणी गार राहते तसाच हा प्रकार. थेंब कोरडा होईपर्यंत भोवतालची हवाही ९० अंशांपर्यंत उतरलेली असते. सगळा खेळ काही सेकंदांचा.

मात्र पातळ दूध थेट फवारत नाहीत. १०० किलो दुधात घनपदार्थ साडेबारा किलो धरा. आधी निर्वातात आटवून त्याचे २५ किलो घट्ट दूध करतात. त्यातून ४ टक्के ओलाव्याची सुमारे १३ किलो भुकटी निघते. म्हणजे ८७ किलो पाण्यापैकी फवारायंत्र काढते फक्त १२ किलो. बाकीचे ७५ आटवण्यातच जाते. तिथे एकाच वाफेची उष्णता पुन्हापुन्हा वापरता येते, म्हणून ते कितीतरी स्वस्त पडते. आणंदला १९५५ साली म्हशीच्या दुधाची भुकटी झाली ती फवारा पद्धतीनेच.

ड्रमची गोष्ट वेगळी. आतून वाफेने तापवलेल्या फिरत्या लोखंडी ड्रमवर दुधाचा पातळ थर बसतो आणि एक फेरी पुरी व्हायच्या आत पाते तो खरवडून काढते. वेळ इथेही सेकंदांचाच, पण थर धातूला चिकटलेला असतो. शेवटचे पाणी गेले की त्याला गार ठेवणारे काही उरत नाही आणि तो ड्रमइतका, म्हणजे शंभराच्या बराच वर, तापतो. प्रथिने बिघडतात, रंग पिवळसर होतो. भुकटी पाण्यात कालवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाचा गाळ हे दाखवून देतो. तरीही चॉकलेट करणारे हीच भुकटी आवडीने घेतात, कारण तिच्यातली चरबी मोकळी झालेली असते.

गोठवण्याच्या पद्धतीत बर्फ वितळूच देत नाहीत. दाब ६११ पास्कलच्या खाली, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहून कमी, ठेवला की बर्फाची थेट वाफ होते. आकार, वास, चव टिकते. पण उष्णता द्यायची ती बेताने; घाई केली तर आतला भाग वितळतो आणि जाळीदार सांगाडा खचतो. म्हणून एका खेपेला कित्येक तास लागतात. कॉफीला किंवा स्ट्रॉबेरीला हा खर्च झेपतो, रोजच्या दुधाला नाही.