पीकविमा : भात भिजला, रानडुकरांनी खाल्ला, भरपाई कशाची मिळते, कशाची नाही?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत भातकापणीच्या दिवसांत पाऊस आला की मोबाइलवर एकच संदेश फिरू लागतो : 'नुकसान ७२ तासांत विमा कंपनीला कळवा.' हा संदेश जुन्या नियमांचा आहे. राज्याने खरीप २०२५ पासून पीकविमा योजना बदलली. एक रुपयात विमा बंद झाला आणि त्याबरोबर वैयक्तिक नुकसानीच्या तक्रारीची सोयही गेली. शासकीय सूचनेत ही गोष्ट परिच्छेदांच्या गर्दीत हरवते. शेतकऱ्याला मुळात तीनच गोष्टी हव्या असतात : कशासाठी भरपाई, कधीपर्यंत आणि कोणते कागद.

कशासाठी भरपाई?

खरीप २०२५ च्या नियमांत एकच आधार आहे : महसूल मंडळातील पिकाचे सरासरी उत्पादन. ते पीक कापणी प्रयोगांतून आणि उपग्रहाच्या मदतीने ठरते. पूर्वी पेरणी न होणे, हंगामाच्या मध्यात मोठी आपत्ती, गारपिटीसारखे स्थानिक नुकसान आणि कापून सुकायला पसरलेल्या पिकाचे नुकसान यांसाठी स्वतंत्र संरक्षण होते. ते चारही यातून वगळले गेले.

हिशेब असा होतो. मागील ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा, एखाद्या मंडळात ही सरासरी हेक्टरी ३० क्विंटल भात आहे, तर उंबरठा २१ क्विंटल. यंदा मंडळाचे उत्पादन १६.८ क्विंटल भरले, तर तूट ४.२ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ६० हजार रुपये धरली, तर हेक्टरी १२ हजार रुपये मिळतील. २० गुंठे भात असणाऱ्याच्या वाट्याला येतील २,४०० रुपये. खरीप भातासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के असतो. या २० गुंठ्यांसाठी तो जास्तीत जास्त २४० रुपये होईल.

आता याच मंडळाचे उत्पादन २२ क्विंटल भरले असे समजा. एखाद्याच्या खाचरात ५ क्विंटलच्या हिशेबानेच भात निघाला, तरी त्याला काही मिळणार नाही. कापून पसरलेला भात भिजला, तर अडचण आणखी वेगळी आहे. कापणी प्रयोगात उभ्या पिकाचे उत्पादन मोजतात. नंतर वावरात कुजलेला भात त्या आकड्यात दिसतच नाही.

अशा वेळी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. नैसर्गिक आपत्तीची सरकारी मदत विम्यापेक्षा वेगळी आहे. तिच्यासाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते.

मुदत कधीपर्यंत?

उत्पादनाधारित भरपाईसाठी दावा करावा लागत नाही. रक्कम ठरली की ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. म्हणून खरी मुदत दावा करण्याची नसून अर्जाची आहे. खरीप २०२५ साठी ती ३१ जुलै होती. बिगर कर्जदारांसाठी १४ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. दरवर्षी वाढेलच, या भरवशावर राहू नये. पीककर्ज घेतलेल्यांचा हप्ता बँक परस्पर कापते. विमा नको असल्यास शेवटच्या तारखेच्या ७ दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते.

दुसरी मुदत ई-पीक पाहणीची. अर्जात भात आणि पाहणीत दुसरेच पीक नोंदले गेले, तर अर्ज रद्द होतो. हप्ता भरलेला असूनही भरपाई अडण्याचे हे कारण बहुतेकांना उशिरा कळते.

कोणते कागद?

अर्जासाठी ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, आधार, सातबारा, ८-अ, बँक पासबुक आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र लागते. खंडाने शेती करणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरारही हवा. सामायिक सातबाऱ्यावर स्वतःचे क्षेत्र किती, ते अर्जापूर्वीच पाहून घ्यावे. पावती मिळाल्यावर गाव, पीक आणि क्षेत्र या तीन नोंदी तपासाव्यात.

७२ तास परत येणार?

केंद्रीय कृषी मंत्रालयाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन बदल जाहीर केले. खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान आणि भातशेती पाण्याखाली जाणे या जोखमींचा विम्यात समावेश करता येईल. भातातले पाणी २०१८ मध्ये वगळले होते. वन्यप्राण्यांच्या नुकसानीची माहिती ७२ तासांत पीकविमा ॲपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह द्यावी लागेल.

मात्र कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्याच्या अधिसूचनेवर ठरेल. रानडुकरांचा त्रास असलेल्या गावांनी नव्या हंगामाची सूचना आली की 'वन्यप्राणी' आणि 'जलमय' हे दोन शब्द आधी शोधावेत. ते नसतील, तर ७२ तासांचा फिरता संदेश कामाचा नाही. चौकशीसाठी १४४४७ हा मदत क्रमांक आणि pmfby.gov.in हे संकेतस्थळ आहे.