दुरुस्तीनं पुन्हा बंद पडलेली सेवा

१० जुलै २०१९ रोजी स्ट्राइप ही अमेरिकी पेमेंट कंपनी एकाच दिवशी दोनदा कोलमडली. पहिल्या वेळी २६ मिनिटं, दुसऱ्या वेळी दीड तासाहून थोडी अधिक. त्या वेळात तिच्याकडे आलेल्या बहुसंख्य विनंत्या वाया गेल्या. दुकानाची वेबसाइट चालू, गिऱ्हाईकानं कार्डाचा नंबर भरलेला, पण पैसे काही जमा होईनात. नंतर कंपनीनं ग्राहकांसाठी जे निवेदन काढलं, ते 'तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय झाली' अशा साच्यातलं नव्हतं, म्हणूनच ते वाचण्यासारखं आहे.

स्ट्राइपचा डेटाबेस अनेक तुकड्यांत, म्हणजे शार्डमध्ये, विभागलेला. प्रत्येक शार्डच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात आणि त्यांतला एक प्रमुख. प्रमुख पडला की बाकीचे आपसांत नवा निवडतात. घटनेच्या चार दिवस आधी एका शार्डमधले दोन नोड अडकले होते. आपण किती मागे पडलोय हे कळवणं त्यांनी थांबवलं होतं, पण 'ठीक आहात का?' असं विचारलं की 'हो' म्हणत होते. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग प्रमुख नोड पडला. तीन महिन्यांपूर्वी बसवलेल्या नव्या आवृत्तीतल्या निवडणूक पद्धतीत एक दोष होता. एकाहून अधिक नोड अडकलेले असले की तो उघडा पडे. निवड झालीच नाही.

बिघाड एका शार्डचा, मग सगळीच सेवा का बसली? हा शार्ड सर्वत्र वापरात होता. त्याच्या उत्तराची वाट बघत प्रोग्राम ताटकळले आणि इतर कामांसाठी संगणनशक्तीच उरली नाही. सगळे नोड पुन्हा सुरू केल्यावर निवड झाली आणि गाडी रुळावर आली.

निवेदनाचा खरा गाभा मात्र दुसऱ्या बिघाडात आहे. दोष सापडल्यावर इंजिनिअरांनी निवडणूक पद्धतीची जुनी, खात्रीची आवृत्ती परत बसवली. सुमारे अर्धा तास सगळं सुरळीत. मग काही शार्डचे प्रोसेसर गुदमरू लागले. शार्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये अलीकडे झालेला एक बदल त्या जुन्या आवृत्तीशी जुळत नव्हता. सुरुवातीला तोच आजार उलटलाय असं वाटल्यानं शोधात वेळही गेला. मागची आवृत्ती म्हणजे सुरक्षित, हा या धंद्यातला लाडका समज. पण आवृत्ती मागे नेली तरी भोवतालचं कॉन्फिगरेशन पुढे गेलेलं असतं.

उपायही त्याच अंगानं आले: माहिती पाठवणं थांबवलेल्या नोडवर इशारा, एका शार्डचं दुखणं इतरत्र पसरू नये म्हणून अटकाव, आणि घाईच्या बदलांवर अधिक सावध प्रक्रिया. ते दोन नोड मुळात का अडकले, हे कंपनीला तेव्हा सापडलं नव्हतं. निवेदनात तसं सरळ लिहिलंय.