लेझीम हाती देण्यापूर्वी

लेझीम शिकवायची असेल तर पहिले काही दिवस लेझीम मुलांच्या हाती द्यायचीच नाही, ही गोष्ट आम्हांला तिसऱ्या वर्षी उमगली. पहिली दोन वर्षे आम्ही उलट करीत होतो. कोठीतून लेझमी काढायच्या, सहावी ते आठवीच्या मुलामुलींना वाटायच्या, समोर उभे राहून 'चार आवाज' करून दाखवायचे आणि मुलांनी ते पाहून करायचे. आठ दिवसांत मैदानावर भरपूर झंकार होई. ताल मात्र क्वचितच ऐकू येई. परभणीत किंवा जवळच्या एखाद्या गावी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुले नाचली की लोक कौतुक करीत, पण आमच्या कानाला खटकायचे ते खटकतच असे. त्या खटकण्याचे कारण शोधता शोधता जो पाठ तयार झाला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवीत आहोत.

लेझीम हे मुळात धनुष्याच्या जातीचे व्यायामसाधन आहे. एक लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि साखळीच्या मध्यावर पकडण्यासाठी मूठ, अशी तिची रचना. आमच्याकडे डाव्या हातात दांडा आणि उजव्या हातात मूठ धरतात. मूठ दांड्यापासून झटक्याने दूर नेली की साखळी ताणली जाते आणि चकत्या एकमेकींवर आपटतात. मूठ परत आणली की साखळी सैल पडते आणि पुन्हा एक, थोडा विसकटलेला आवाज होतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. नवख्या मुलाचा झटका स्पष्ट नसतो, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही आवाज सारखेच मोठे होतात. त्याला स्वतःच्याच लेझमीचा गोंगाट ऐकू येतो, हलगी ऐकू येत नाही. अशी २४ मुले एकत्र उभी केली की प्रत्येकजण आपापल्या गोंगाटात एकटा असतो.

म्हणून आता पाठ १२ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन तासिकांचा असतो आणि पहिल्या तीन आठवड्यांत हात रिकामे असतात. मुले आठ मात्रा मोजत जागच्या जागी चालतात. पहिल्या मात्रेला डावा पाय जोराने पडला पाहिजे आणि पाचव्या मात्रेला पुन्हा डावाच. नंतर तोंडाने मोजणे बंद करून केवळ पहिल्या मात्रेला टाळी. हलगीची गती सुरुवातीला मिनिटाला ८० ठोके, म्हणजे घड्याळात पाहून १५ सेकंदांत २०. ही गती मुलांना फार संथ वाटते आणि ती घाई करू लागतात. घाई होते आहे हे ओळखण्याची आमची खूण अशी, की हलगीवाला नकळत मुलांच्या पायांकडे पाहू लागतो. तो मुलांच्या मागे जात असेल तर तास थांबवून पुन्हा १५ सेकंद मोजतो.

चौथ्या आठवड्यात मुलांना साध्या बांबूच्या काठ्या देतो, लेझमीच्या दांड्याएवढ्याच, सुमारे दीड वीत लांब. यांवर 'चार आवाज' शिकवतो: पहिला वाकून पायांजवळ, दुसरा कमरेपाशी, तिसरा डोक्याच्या उंचीवर, चौथा पुन्हा छातीपाशी. काठीतून आवाज निघत नाही, त्यामुळे कमरेतून वाकणे, गुडघे सैल सोडणे आणि उठताना वजन पुढच्या पायावर घेणे याकडे लक्ष देता येते. सहाव्या आठवड्यात लेझीम हाती येते, तेव्हा शरीराला वाट ठाऊक झालेली असते. शिकायचा उरतो तो केवळ झटका. लेझीमही निवडून द्यावी लागते. मोठ्या पथकांची लेझीम किलोभर किंवा त्याहून जड भरते, ती सहावीच्या मुलाला दहा मिनिटांत थकवते. आणि थकलेले मनगट सर्वांत आधी झटका सोडते, पाय चुकतात ते नंतर. लहान चणीच्या मुलांसाठी आम्ही हलक्या, कमी चकत्यांच्या लेझमी वेगळ्या ठेवल्या आहेत.

पहिल्या दोन वर्षांतील आमची मोठी चूक कोठे होती, ते 'दोन रुख' या प्रकाराने दाखवून दिले. यात मुले चार मात्रा एका दिशेला तोंड करून आवाज देतात आणि पुढच्या चार मात्रांना वळून विरुद्ध दिशेला. सहा-सहांच्या चार रांगा होत्या. समोर तोंड असेपर्यंत सगळे ठीक दिसे. वळण घेतले की सगळ्यांत मागची रांग, जी आता सर्वांत पुढे आलेली असे, ती कोसळत असे. आम्ही त्या सहा मुलांना रागावलो, जास्तीचा सराव दिला, तरी फरक पडेना. शेवटी एके संध्याकाळी रांगाच उलट्या उभ्या केल्या, पुढची मागे आणि मागची पुढे. आता वळल्यावर आधीची 'हुशार' रांगही जवळजवळ तशीच कोसळली. मुले हलगी ऐकून नाचतच नव्हती. मागची मुले पुढच्यांना पाहून नाचत होती आणि पुढची मुले आम्हांला पाहून. पाहून करणारे मूल नेहमी अर्धी मात्रा मागे असते, आणि वळल्यावर त्याच्यासमोर पाहण्यासारखे कोणी उरले नाही की त्याच्याजवळ काहीच नसते.

यावर उपाय सापडला तो शाळेच्याच दिनक्रमात. रोज सकाळी मुले त्रिशरण-पंचशील म्हणतात. तेथे ढोल नाही, हातवारे करणारा कोणी नाही, बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात, तरीही शेवटचे अक्षर सगळ्यांचे एकदम संपते. कारण प्रत्येकजण शेजाऱ्याचा श्वास आणि स्वर ऐकत असतो. तेच आम्ही मैदानावर आणले. आता आठवड्यातून एकदा हलगीवाला मध्येच आठ मात्रा थांबतो; मुलांनी लेझीम न वाजवता, केवळ पायांनी चालत राहायचे; नवव्या मात्रेला हलगी आणि लेझीम एकदम पडली पाहिजे. पहिल्या खेपेस हलगी पडते तेव्हा निम्मी मुले पुढे धावलेली असतात. आठ जमले की सोळा. सोळा रिकाम्या मात्रांनंतर जे पथक हलगीला बरोबर भेटते, त्याला 'दोन रुख' शिकवायला एक तासिका पुरते. 'आगे फलांग' आणि पुढचे उडीचे प्रकार त्यानंतरच. आणि गती हळूहळू मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत नेतो, त्यापुढे नाही.

एकत्र नाचण्यातली एक अडचण मात्र मुलांच्या हातात नसते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २४ मुलांच्या चौकोनात याचा काही त्रास नाही. पण २६ जानेवारीला सगळ्या वर्गांची मिळून लांबलचक रचना केली आणि हलगी एका टोकाला ठेवली, तर ६० मीटरवरच्या मुलाला ठोका सुमारे पाव सेकंदाच्या जरा आत, पण जाणवेल इतका उशिरा पोहोचतो. १२० च्या गतीला दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचेच अंतर असते. म्हणजे ते मूल बिनचूक नाचूनही तिसरा हिस्सा मात्रा मागे दिसते. हलगी मध्यभागी नेली की हा फरक निम्म्यावर येतो. त्याहून मोठ्या रचनेत मुलांना ठोक्यावर नव्हे, पायांच्या मोजणीवर उभे करावे लागते. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातील शेकडो लेझीमपटू स्टेडियमवर नाचले होते. त्या तयारीची कल्पना अशा वेळी येते.

अंतराविषयी एक अनुभव सांगितला पाहिजे. दोन मुलांमध्ये दोन्ही हात पसरून लेझीम धरता येईल एवढी जागा हवी. एका पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान चिकट झाले म्हणून आम्ही व्हरांड्यात सराव घेतला, रांगा जवळ आल्या आणि एका मुलीच्या भुवईला दांड्याचे टोक लागले. दोन टाके पडले. तेव्हापासून मैदानाच्या एका भागावर मुरूम पसरून घेतला आहे, आणि तोही ओला असेल तर त्या दिवशी लेझमी कोठीतच राहतात. फक्त चालणे आणि टाळी.

आता हलगीविषयी. हा प्रश्न आम्हांला सर्वांत अवघड गेला. पाठ सुरू करताना आम्ही हलगीवादक बाहेरून बोलावीत होतो. तिसऱ्या वर्षी मुलांनाच वाजवायला शिकवावे असे ठरवले, तेव्हा काही पालक भेटायला आले. त्यातले एक आजोबा म्हणाले, "सर, आमच्या वडिलांनी डफडं गावाच्या वेशीवर ठेवलं ते पुन्हा हाती घेतलं नाही. तुम्ही नातवाच्या गळ्यात घालता?" यावर उत्तर देणे सोपे नव्हते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या असंख्य कुटुंबांनी हे वादन सोडले, कारण ते कला म्हणून नव्हे, जातीचे काम म्हणून लादलेले होते. लग्नात, मयतीत, दवंडीत बोलावतील तेव्हा जायचे आणि देतील ते घ्यायचे. आजोबांचे म्हणणे आम्हांला चूक वाटले नाही, आजही वाटत नाही.

तरीही हलगीशिवाय लेझीम उभी राहत नाही. ध्वनिफितीवर सराव करून पाहिला, पण यंत्र मुलांसाठी थांबत नाही आणि आठ रिकाम्या मात्राही देत नाही. शेवटी असे ठरले की हलगीवादक म्हणून कोणी एक मूल नसेल. पथकातल्या चोवीसही जणांनी, मुलींनीही, आळीपाळीने एकेक आठवडा वाजवायचे. आडनाव, गाव पाहून नेमणूक नाही, हजेरीच्या क्रमाने. ज्या पालकांना हे मान्य नसेल त्यांच्या पाल्याने आपल्या आठवड्यात तोंडाने मात्रा मोजायच्या, आणि पथकाने त्या मोजणीवर नाचायचे. दोन मुले तसे करतात. आजोबांचा नातू त्यांपैकी एक आहे.

या व्यवस्थेचा तालाला झालेला फायदा आम्हांला आधी दिसला नव्हता. आठवडाभर हलगी सांभाळलेले मूल रांगेत परतते तेव्हा घाई करीत नाही, कारण मुले ठोक्याच्या पुढे धावू लागली की हलगीवाल्याची काय अवस्था होते, ते त्याने पाहिलेले असते. गुरुवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा वादक सुकलेला पालापाचोळा पेटवून हलगी शेकून घेतो. दमट हवेत कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. टिपरी कोणती, बारीक काडी कोणती, कातडे किती तापले की बोट लावून कळते, हे त्याला आधीच्या आठवड्याचा वादक दाखवतो. आम्ही बाजूला उभे असतो, पाण्याची बादली घेऊन.