झेंडा का वर जातो?

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनलला आमचा स्ट्रायकर पाच वेळा ऑफसाइड सापडला आणि आम्ही ०-१ ने घरी आलो. सगळ्यांनी लाइन्समनला शिव्या घातल्या. खरं सांगायचं तर पाचही वेळा तो बरोबर होता. आमच्या पोराचं चुकलं ते इतकंच की तो नाकासमोर सरळ पळायचा.

नियमात पाहायचं असतं ते पास देणाऱ्याच्या पायाला बॉल लागतो त्या क्षणाला. त्या वेळी स्ट्रायकर बॉलच्या आणि शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे नको. गोली शेवटचा धरला तर हा दुसरा म्हणजे बहुधा शेवटचा डिफेंडर. त्याच्या बरोबरीत असलं तरी चालतं.

आता थोडं गणित, मेकॅनिक्सचा पेपर आठवून! समजा स्ट्रायकर डिफेंडरच्या रेषेच्या १ मीटर अलीकडे आहे आणि वेग सेकंदाला ७ मीटर. सरळ पळाला तर ०.१४ सेकंदात रेषा ओलांडेल. पास तेवढ्यात सुटला नाही की झेंडा वर! तोच जर रेषेशी ३० अंशांचा कोन करून तिरका पळाला, तर पुढे जायचा वेग ७ × sin ३०°, म्हणजे ३.५ मीटर. आता ०.२९ सेकंद मिळतात, बरोबर दुप्पट. शिवाय अंगात वेग आधीच भरलेला असतो. पास सुटला की फक्त गोलकडे वळायचं. डिफेंडर मात्र अजून उभ्या जागी वळत असतो.

याचा नमुना म्हणजे २००७ ची अथेन्समधली चॅम्पियन्स लीग फायनल. मिलानचा फिलिपो इंझागी तेव्हा ३३ वर्षांचा, वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. ८२ व्या मिनिटाला काकाने बॉल पुढे सरकवला आणि इंझागी लिव्हरपूलच्या बचावफळीमागे एकटा निसटला. गोली रेनाला बाजूने चकवून त्याने गोल केला. मिलान २-१ ने जिंकलं.

मग निघायचं कधी? पास देणाऱ्याने बॉल थोडा पुढे ढकलला, मान वर केली आणि पाय मागे घेतला की तिरकी धाव सुरू करा. बॉल सुटल्यावर निघालात तर उशीर होतो. धावताना अंग अर्धवट बाजूला वळलेलं ठेवा, म्हणजे बॉल आणि रेषा दोन्ही दिसतील.

एक धोका मात्र आहे. डिफेंडर तुमच्या दिशेने सेकंदाला २ मीटरने पुढे सरकले, तर ०.२९ चे ०.१८ सेकंदच उरतात. त्यामुळे समोरची फळी वर येताना दिसली की आणखी आडवं पळा. आणि पास देणारा बॉलवर अडखळला, तर धाव तिथेच मोडून परत फिरा. आमचा पोरगा नेमका तेवढंच करायचा नाही.